वरची ओळ खाली

मी राजदीप खोब्रागडे. चंद्रपूरच्या एका स्वायत्त महाविद्यालयात एम.एस्सी.च्या पोरायले बीजगणित शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जुलैत नव्यानं मुलाखत द्यायची अन् दर एप्रिलात घरी बसायचं. असे चौदा जुलै झाले. माह्या जिभेले हाड नाई असं पोरं माह्या मागं बोलतात, अन् खरं सांगतो, चूक नाई बोलत.

यंदा जुलैतल्या एका शुक्रवारी सकाळी साडेदहाले मी मुलाखतीचे कागद जुळवत डिपार्टमेंटमधे बसलो होतो, तवा नंदिनी मट्टामी दारात येऊन उभी राह्यली. ही एटापल्लीच्याही पुढच्या गावची पोरगी. बाप झिंगू शेती करते अन् मोहफुलांच्या दिवसांत जंगलात असते. सहा वर्षांपासून मी तिले ओळखतो. एम.एस्सी.चा एकच पेपर राह्यला होता तिचा, माह्याच विषयाचा. मधे बी.एड. करून आली, पण तो पेपर काही सुटला नाई. जुना अभ्यासक्रम बंद होऊन राह्यला होता अन् मे महिन्यातली परीक्षा शेवटची होती. त्याच्यानंतर तो पेपरच नाई, म्हणजे डिग्रीही नाई.

"सर, नापास झाली मी," ती म्हणाली. "सत्तावीस आले. बत्तीस पायजे होते."

मले माहीत होतं. निकाल मी पाह्यला होता. पण समोर येऊन सांगतलं तवा माह्या डोक्यात तिडीकच गेली.

"सहा वर्षं, नंदिनी. सहा वर्षं एक पेपर. सोळा मार्काचा प्रश्न मी फळ्यावर किती वेळा करून दाखवला? झोपेतही येऊन जाईन असा प्रश्न. अन् तू शून्य घेऊन येतं त्याच्यात?"

तिनं पिशवीतून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली अन् टेबलावर ठेवली. अर्ज करून आदल्या दिवशी मिळवली होती तिनं. मंग दुसरा कागद काढला. गडचिरोलीच्या एका संस्थेचं पत्र होतं. एटापल्ली तालुक्यातल्या त्यायच्या आश्रमशाळेत अकरावी-बारावी सुरू होत होती, अन् गणिताच्या शिक्षिकेसाठी निवड यादीत पह्यलं नाव नंदिनीचं होतं. एम.एस्सी. पास झाल्याची मूळ गुणपत्रिका आज शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत गडचिरोलीच्या कार्यालयात दाखवायची. नाई दाखवली तं यादीतलं दुसरं नाव.

"आज?" म्हटलं.

"आज, सर. झेरॉक्स कालच भेटली. मी रात्रभर पाह्यलं. मले चूक नाई सापडून राह्यली. तुम्ही एकदा पाहा. चूक सापडली तं मी जाते गावाले. पण चूक कुठी आहे एवढं तं मले समजू द्या."

मी घड्याळ पाह्यलं. गडचिरोलीले बसनं दोन तास तं लागतातच. म्हणजे अडीच वाजेपर्यंत काही झालं तं झालं. खरं सांगायचं तं काही होईन असं मले वाटत नव्हतं. चूक दाखवावी, चार शब्द बोलावे, चहा पाजावा अन् पाठवून द्यावं, एवढंच मनात होतं.

आता तो प्रश्न काय होता ते सांगतो. चार पूर्णांकांची दोन बाय दोनची मॅट्रिक्स, डिटरमिनंट एक. म्हणजे तिरप्या जोडीचा गुणाकार वजा दुसऱ्या तिरप्या जोडीचा गुणाकार, बरोबर एक. अशी कोणतीही मॅट्रिक्स साध्या मॅट्रिक्सच्या गुणाकारातून बनते, ते बनवून दाखवा. साधी म्हणजे काय, तं जिचं काम एकच: एका ओळीची काही पट घेऊन ती दुसऱ्या ओळीत मिळवणं, नाई तं वजा करणं. पटही पूर्णांकच पायजे. दुसरं काही चालत नाई.

करायचं कसं, तं शाळेतला भागाकार. पह्यल्या उभ्या रकान्यातले दोन आकडे घ्या. मोठ्यातून लहान जितक्या वेळा निघते तितक्या वेळा काढा, पूर्ण ओळीसकट. बाकी उरते. मंग लहानाले त्या बाकीनं भागा. असं करत गेलं की आकडे लहान लहान होत शेवटी एका जागी एक उरते अन् दुसऱ्या जागी शून्य. मंग उरलेलं साफ करा, आयडेंटिटी येते, म्हणजे वर एक, शून्य अन् खाली शून्य, एक. केलेल्या पायऱ्या उलट्या क्रमानं, उलट्या चिन्हानं लिहून काढा, झालं उत्तर. कधी कधी शेवटी दोन्हीकडे उणे एक येते, त्याचाही इलाज आहे, आणखी काही पायऱ्यांत तेही सुटते.

याच्यात पोरं एकच घोळ करतात. शाळेत मसावि काढताना भाजक-भाज्य अदलाबदल करायची सवय असते, तशी इथी ओळींची अदलाबदल करून टाकतात. अदलाबदल केली की डिटरमिनंटचं चिन्ह फिरते. एकाचं उणे एक होते, अन् सगळा खेळ बिघडते. मी दरवर्षी वर्गात सांगतो, ओळी बदलल्या तं मी हात मोडीन.

"तू कुठीतरी ओळी बदलल्या असशीन," म्हटलं. "सहा वर्षांत माहं एवढं एक ऐकलं नाई तू."

"नाई बदलल्या, सर."

"दाखव."

मी झेरॉक्स उघडली. प्रश्नातली मॅट्रिक्स तिनं वर उतरवली होती: वरची ओळ एकतीस, तेरा. खालची ओळ बारा, पाच. खाली पायऱ्या. एकतीसातून बारा दोनदा काढले: वर सात, तीन. बारातून सात एकदा: खाली पाच, दोन. सातातून पाच एकदा: वर दोन, एक. पाचातून दोन दोनदा: खाली एक, शून्य. मंग वरून खालची ओळ एकदा काढली: एक, एक. खालून वरची काढली: शून्य, उणे एक. वर खालची मिळवली: एक, शून्य. शेवटी उरलं काय, तं वर एक, शून्य अन् खाली शून्य, उणे एक.

एका कोपऱ्यात उणे एक. दोन्हीकडे असते तं इलाज होता. एकीकडेच होता.

तिनं हे सगळं एकदा खोडून परत केलं होतं. मंग परत. तीन वेळा, साडेचार पानं. तिन्ही वेळा शेवटी तेच. याच्यातच तिचा अर्ध्याहून जास्त वेळ गेला होता, अन् पुढचे दोन प्रश्न अर्धवट सुटले होते.

मी प्रत्येक पायरी बोट ठेवून तपासली. मले वजाबाकीतली चूक पायजे होती. एक साधी चूक, दोनाचे तीन, काहीही. नाई सापडली. बोट परत पह्यल्या पायरीवर नेलं.

"थांब," म्हटलं. उठलो अन् फळ्यावर स्वतः केलं. पह्यल्या चार पायऱ्या तिच्यासारख्याच. वर दोन, एक. खाली एक, शून्य. पाचव्यात मी थोडं वेगळं केलं, वरून खालची ओळ दोनदा काढली. वर शून्य, एक. खाली एक, शून्य.

खडू हातात तसाच राह्यला. ते काय उरलं होतं हे सांगायले कोणाची गरज नव्हती. ती अदलाबदलीचीच मॅट्रिक्स. त्या मॅट्रिक्सनं कोणतीही मॅट्रिक्स गुणली की वरची ओळ खाली जाते अन् खालची वर.

मी फळ्यावरच मूळ प्रश्नातला डिटरमिनंट काढला. एकतीस पंचे एकशे पंचावन्न. तेरा बारे एकशे छप्पन्न. उणे एक.

प्रश्नच चुकीचा होता. अशी मॅट्रिक्स त्या रीतीनं बनूच शकत नाई, बापजन्मात नाई. प्रत्येक साध्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट एक. एकाले एकानं कितीही गुणलं तरी उणे एक कुठून येईन?

अन् तो प्रश्न मी काढला होता.

मले लगेच आठवलं, ते आठवायले काही लागलंच नाई. मी पाच साध्या मॅट्रिक्स गुणून तो तयार केला होता. बनली होती ती वर बारा, पाच अन् खाली एकतीस, तेरा. एकदम बरोबर. मंग पेपर सुवाच्य अक्षरात उतरवताना माह्या मनात आलं की मोठा आकडा वर असला तं पोरायले भागाकार लवकर सुचते. जुन्या अभ्यासक्रमाचे शेवटचे सात पोरं होते, बिचाऱ्यायले जरा सोपं जाईन. म्हणून वरची ओळ खाली लिहिली अन् खालची वर. दुसऱ्यायचे हात मोडायले निघालेला मी, दया दाखवायले गेलो अन् तेच करून बसलो.

बाकी सहा पोरायनं 'किंवा' मधला दुसरा प्रश्न सोडवला होता. हा एकट्या नंदिनीनं घेतला. तिले हा येत होता म्हणून घेतला.

तपासलेही मीच होते. माह्याजवळ कच्च्या कागदावर त्या पाच मॅट्रिक्सचं उत्तर होतं. नंदिनीच्या साडेचार पानांच्या शेवटी ते दिसलं नाई. मी शून्य दिलं. त्या दिवशी माह्यापुढं सगळ्या वर्गांच्या मिळून एकशे चाळीस उत्तरपत्रिका होत्या. मी शेवटची ओळ पाह्यली अन् पान उलटलं.

नंदिनी फळ्याकडे पाहत होती. गणित येते तिले. उणे एक तिनंही वाचला होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "प्रश्नच तसा होता का?"

मी फळा पुसला. असा माणूस आहे मी. पह्यलं काम केलं ते फळा पुसायचं.

"चल," म्हटलं, "ठेंगणे सरांकडे जाऊ."

परीक्षा विभाग खालच्या मजल्यावर. भैयाजी ठेंगणे परीक्षा नियंत्रक, मूळचे कॉमर्सचे. माणूस नियमाचा, वाईट नाई. जिना उतरताना माह्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सोमवारी माही मुलाखत होती. पंधरावा जुलै. पेपर काढणाऱ्याची चूक म्हणजे परीक्षा विभागाच्या वहीत लाल शेरा. तासिकावाल्याले लाल शेरा लागला की पुढच्या वर्षी त्याचं नाव कोणी घेत नाई. बायको, दोन लेकरं, आंबेडकर वॉर्डातलं घर. मी स्वतःले म्हटलं, काम झालं म्हणजे झालं. कोणत्या दारातून झालं याच्याशी पोरीले काय करायचं आहे?

"सर, तपासण्यात माही गफलत झाली," ठेंगणे सरांपुढं मी म्हटलं. "पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत. पायऱ्यांचे मार्क द्यायचे राहून गेले. दहा-बारा तरी बसतात."

त्यायनं चष्मा चढवला. "उत्तर आलं का शेवटी?"

"नाई आलं. पण..."

"मंग पुनर्मूल्यांकन. बाहेरचा परीक्षक, पंधरा दिवस. तुमचे मार्क तुम्हीच कसे वाढवणार? निकाल लागला आहे, भाऊ." मंग त्यायनं नियमाची फाईल थोडी चाळली. "आजच्या आज फक्त एकच गोष्ट होते. प्रश्नात चूक असन तं. पेपर काढणाऱ्यानं लेखी द्यायचं, विभागप्रमुखाची सही, अन् ज्यानं तो प्रश्न सोडवायले घेतला त्याले पूर्ण मार्क. प्रश्नात चूक आहे का?"

खोली लहान होती. नंदिनी माह्या डाव्या हाताले उभी होती. तिचा श्वास मले ऐकू येत होता.

"नाई," म्हटलं. "प्रश्न बरोबर आहे."

"मंग माह्या हातात काही नाई," ठेंगणे सर म्हणाले अन् प्राचार्यांच्या बैठकीले निघून गेले. घड्याळात पावणेबारा झाले होते.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. नंदिनी काही बोलली असती तं बरं झालं असतं. मले शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तं मी उलट तिच्यावरच ओरडून मोकळा झालो असतो. तशी सवय आहे मले. ती नुसती बसून होती, मांडीवर झेरॉक्स. मी मनात हिशेब करत राह्यलो. कोणाले फोन करता येईन, पंधरा दिवसांची मुदत संस्थेकडून मागता येईन का. गडचिरोलीतल्या एका ओळखीच्याले फोन करून त्या संस्थेत विचारायले लावलं. यादीतली दुसरी बाई सकाळपासून कागद घेऊन बसली आहे म्हणे.

"सर, पाणी आणू का?" नंदिनीनं मले विचारलं.

मले त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण तोंड उघडलं नाई. एक वाजेपर्यंत नाई उघडलं.

एक वाजता ठेंगणे सर आले. आम्हाले अजून तिथीच पाहून त्यायले बहुतेक वाईट वाटलं. आत बोलावलं, झेरॉक्स मागितली. बेरीज तपासतो म्हणाले, एखादा मार्क इकडंतिकडं झाला असन तं. पानं उलटवता उलटवता त्या प्रश्नाच्या तिसऱ्या पानावर थांबले.

"हे खाली काय लिहून खोडलं आहे?"

पानाच्या तळाले चार ओळी होत्या. त्यायच्यावर तिनं स्केल ठेवून सरळ रेघा मारल्या होत्या. खोडलेलं तपासायचं नाई असा नियम आहे, अन् मी तं न खोडलेलंही तपासलं नव्हतं. सकाळीही पायऱ्यांतली चूक शोधण्याच्या नादात तिकडं माहं बोट गेलं नव्हतं.

"वाच बाई," ठेंगणे सर म्हणाले. "मले गणित समजत नाई."

नंदिनीनं वाचलं. न वाचताही सांगितलं असतं तिनं. "दिलेल्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट उणे एक आहे. साध्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट एक असतो. गुणाकाराचा डिटरमिनंट म्हणजे डिटरमिनंटचा गुणाकार. म्हणून दिलेली मॅट्रिक्स साध्या मॅट्रिक्सच्या गुणाकारानं बनू शकत नाही."

चार ओळी. प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं. परीक्षेच्या दिवशी त्या इमारतीत ते फक्त तिले समजलं होतं.

"मंग खोडलं काऊन?" ठेंगणे सरांनी विचारलं.

तिनं माह्याकडे पाह्यलं नाई.

"पेपर सरांचा असन असं वाटलं. सर डिटरमिनंट पाह्यल्याशिवाय प्रश्न देत नाई. म्हणून म्हटलं, मीच कुठी चुकून राह्यली असन. मंग परत पह्यल्यापासून केलं."

मी खुर्चीवरून उठलो का बसून राह्यलो, आठवत नाई. "कागद द्या," म्हटलं. लिहिलं: प्रश्न मी काढला, ओळी मी बदलल्या, चूक माही आहे, सकाळी मी तुमच्यापुढं खोटं बोललो. ठेंगणे सर म्हणाले, शेवटचं वाक्य लिहायची गरज नाई. मी म्हटलं राहू द्या. त्यायनं मान खाली घातली अन् शिक्का काढला. सव्वा वाजला होता.

आता विभागप्रमुखाची सही. दादाजी वासेकर सर गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं राजुऱ्याले घरी. मी गाडी काढली. बल्लारपूरच्या पुढं कोळशाच्या ट्रकची रांग, वर्धा नदीच्या पुलावर पोहोचेपर्यंत एक पंचेचाळीस. वासेकर सरांनी पलंगावर बसूनच वाचलं. पूर्ण वाचलं, दोनदा. माह्याकडे चष्म्यावरून पाह्यलं.

"सकाळीच नियंत्रकाकडे होते ना तुम्ही, राजदीप?"

"होतो."

"तवाच फोन केला असता तं पोरगी आता बसमधे असती."

सही केली. कागद माह्या हातात दिला.

परत येऊन, मार्क भरून, सत्तावीसाचे त्रेचाळीस होऊन, छापील गुणपत्रिकेवर सही-शिक्का होऊन हातात पडेपर्यंत साडेतीन वाजून गेले. नंदिनीनं ती दोन्ही हातांनी धरली. पास, असं लिहिलं होतं तिच्यावर. सहा वर्षांनी.

"बस," म्हटलं. ती गाडीवर बसली.

ऐंशी किलोमीटर. मूल गावापर्यंत मी कसा गेलो मले माहीत नाई. दोन्हीकडे जंगल, मधातून ट्रक, अन् मी ज्या वयात हे करू नये त्या वयात ओव्हरटेक करून राह्यलो होतो. मागून नंदिनी संस्थेच्या कार्यालयाले फोन लावत होती. "निघाली आहे मॅडम. गुणपत्रिका आहे. मूळ आहे. मूल गेलं." मंग, "सावली गावही गेलं, मॅडम." बाई चांगली होती बिचारी, म्हणाली पाचच्या पुढंही थोडं थांबते, पण समोर दुसरी उमेदवार बसली आहे, तिचे कागद पूर्ण आहेत. व्याहाडच्या पुढं रस्त्याचं काम होतं. एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. तिथी वीस मिनिटं उभे राह्यलो. मी त्या झेंडीवाल्याच्या पाया पडायचा बाकी होतो. समोरून येणाऱ्या गाड्या संपतच नव्हत्या.

वैनगंगेच्या पुलावर पाच वाजले.

कार्यालयात पोहोचलो तवा पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दार उघडं होतं. मॅडम टेबलाशीच होत्या. त्यायनं गुणपत्रिका हातात घेतली, नीट पाह्यली, अन् परत दिली.

"सव्वापाचपर्यंत थांबली मी, बाई," त्या म्हणाल्या. "आदेश देऊन टाकला. ती आताच गेली."

मी बोलायले लागलो. माही चूक होती, लेखी आहे, तिच्यावर अन्याय नका करू, पाहिजे तं मले लिहून घ्या. आवाज चढला माहा. मॅडमचंही काय चुकलं होतं? दुसरीनं काय पाप केलं होतं? तिचेही कागद खरेच होते.

"सर, चला," नंदिनी म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. शेजारच्या टपरीवर कोणीतरी भजे तळत होतं. एटापल्लीची शेवटची गाडी साडेसहाले होती. मले तिची माफी मागायची होती अन् माह्या तोंडात एक शब्द येत नव्हता. चौदा वर्षं बोलून बोलून पोरायचे कान किटवले, अन् आज एक शब्द नाई.

"मी आज सकाळी फळा पुसला," शेवटी म्हटलं. "ते तू पाह्यलं."

"पाह्यलं, सर."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिनं पिशवीतून पेन काढला. झेरॉक्सचं शेवटचं पान उलटं केलं, मागं कोरं होतं.

"सर, खरा प्रश्न काय होता?"

"काय?"

"तुम्ही बनवला होता तो. ओळी बदलायच्या आधीचा."

मी सांगितला. वर बारा, पाच. खाली एकतीस, तेरा.

तिनं आधी डिटरमिनंट काढला. बारा तेरे एकशे छप्पन्न, पाच एकतीसे एकशे पंचावन्न, एक. मंग भागाकाराले लागली. खालून वरची ओळ दोनदा: सात, तीन. वरून खालची एकदा: पाच, दोन. खालून एकदा: दोन, एक. वरून दोनदा: एक, शून्य. खालून दोनदा: शून्य, एक.

आयडेंटिटी.

मी घड्याळ पाह्यलं नव्हतं, पण दोन मिनिटांच्या वर नाई लागले. पाच पायऱ्या उलट्या क्रमानं, उलट्या चिन्हानं तिनं एका ओळीत लिहिल्या. माह्या कच्च्या कागदावर होतं तेच उत्तर, अक्षरही माह्यापेक्षा चांगलं. ती त्याच्याकडे पाहत राह्यली. दिवसभर तिचे डोळे कोरडे होते. आता भरले.

"एवढंच होतं, सर?" तिनं विचारलं.

"एवढंच होतं," म्हटलं.